एकाच लग्नाच्या दोन पत्रिका: मराठी आणि इंग्रजी मजकूर कसा लिहावा

मराठी लग्नपत्रिकेचा मजकूर आधी तयार होतो आणि मग घरातल्या कोणाला तरी "याचं जरा इंग्रजी करून दे" असे सांगितले जाते, असा बहुतेक घरांतला क्रम असतो. ज्याच्यावर हे काम येते तो ओळीमागून ओळ भाषांतर करत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडतो. "श्रीकृपेकरून" या शब्दाचे काहीतरी जमते, "चि. सौ. कां." तसेच रोमन लिपीत उतरवले जाते, "योजिले आहे" यापाशी वाक्याचा कर्ताच सापडत नाही, आणि शेवटी जे तयार होते ते मराठी वाचणाऱ्याला अनावश्यक असते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला नीट कळत नाही. नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या घरांतल्या पत्रिका लिहिण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की इंग्रजी पत्रिका हे मराठी पत्रिकेचे भाषांतर नसावे. दोन्ही पत्रिका एकाच माहितीवरून, पण आपापल्या रीतीने स्वतंत्र लिहाव्यात. ते कसे करावे हे एका नमुन्याच्या आधारे येथे सविस्तर मांडतो.

नमुना वधूपक्षाच्या पत्रिकेचा घेतला आहे. वधू मृण्मयी सबनीस नाशिकची, वर निखिल कऱ्हाडे पुण्याचा, वराचे वडील हयात नाहीत, आणि वधूचे काही सहकारी परदेशातून येणार आहेत. ही सर्व नावे नमुन्यापुरती आहेत.

पहिली पायरी: मजकुराआधी माहितीचा कागद

कोणत्याही भाषेत एक ओळ लिहिण्यापूर्वी एका कागदावर केवळ माहिती लिहून घ्यावी आणि दोन्ही घरांकडून ती मान्य करून घ्यावी. त्यात वधूवरांची नावे, आईवडिलांची नावे, अपत्याचा क्रम म्हणजे ज्येष्ठ, द्वितीय किंवा कनिष्ठ, वार, दिनांक, मिती, मुहूर्ताची वेळ आणि स्थळाचा पूर्ण पत्ता एवढे असावे. नावे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत लिहावीत. रोमन लिपीतली वर्णरचना स्वतःच्या कानाने ठरवू नये, ती पासपोर्टवर किंवा आधारपत्रावर जशी आहे तशीच घ्यावी. मृण्मयी हे नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिता येते आणि ऐकताना ते सगळेच बरोबर वाटतात. मात्र विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिकाही कागदपत्रांबरोबर जोडायला सांगतात, तेव्हा पत्रिकेवरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव वेगळे असले तर विनाकारण स्पष्टीकरण देत बसावे लागते.

या कागदावर सर्वांत जास्त चुका शक आणि मिती यांत होतात. शालिवाहन शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, म्हणून गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या दिनांकासाठी इसवी सनातून ७८ वजा करावे लागतात, आणि १ जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आदल्या दिवसापर्यंत ७९. आपल्या नमुन्यातले लग्न बुधवार, १४ फेब्रुवारी २०२४ या दिवशीचे आहे. त्या वर्षी गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, म्हणून शके १९४६ नव्हे, तर शके १९४५ लिहिले पाहिजे. माघ-फाल्गुनातल्या लग्नांच्या पत्रिकांवर ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे, कारण लिहिणारा जुनी पत्रिका समोर ठेवतो आणि ती नेमकी वैशाखातली किंवा मार्गशीर्षातली असते.

मितीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिथी मध्यरात्री बदलत नाही. पंचांगात त्या दिवसाला सूर्योदयाच्या वेळची तिथी देतात आणि पत्रिकेवरही तीच लिहिण्याची रूढी आहे. १४ फेब्रुवारी २०२४ या दिवशी माघ शुद्ध पंचमी दुपारी बाराच्या सुमारास संपत होती, तरीही त्याच संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी वेगळी मिती लिहिण्याची गरज नव्हती. दुसरी गोष्ट वद्य पक्षाची. आपला महिना अमावास्येला संपतो आणि उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला माघ वद्य पक्ष तिकडे फाल्गुन कृष्ण पक्ष म्हणून ओळखला जातो. शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते. सोयरे उत्तरेकडचे असतील आणि लग्न वद्य पक्षातले असेल, तर दोन घरांच्या पत्रिकांवर वेगवेगळे महिने छापले जातील आणि दोन्ही बरोबर असतील, याची कल्पना आधीच एकमेकांना द्यावी.

दुसरी पायरी: मराठी मजकूर

आता मराठी पत्रिका लिहू. रूढ घाटाची पत्रिका साधारण अशी होते:

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या
चि. सौ. कां. मृण्मयी
हिचा शुभविवाह
चि. निखिल
(श्रीमती सुनंदा व कै. प्रभाकर कऱ्हाडे, पुणे यांचे कनिष्ठ चिरंजीव)
यांच्याशी
मिती माघ शुद्ध ५, शके १९४५, बुधवार, दि. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी ११ वाजून ३५ मिनिटांनी या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.

आपले विनीत,
सौ. वसुधा व श्री. माधव सबनीस

विवाहस्थळ: (कार्यालयाचे नाव व पत्ता), नाशिक
कृपया आहेर आणू नये.

हा मजकूर नीट पाहिला तर लक्षात येते की हे एक पत्र आहे. आरंभी देवतेचे स्मरण, मग नमस्कार, मग हकीकत, मग विनंती आणि तळाशी सही. नमस्कारानंतरचे "विनंती विशेष" हा जुन्या पत्रलेखनातला ठरीव मायना आहे. नमस्कार करून झाला, आता सांगायची मुख्य गोष्ट पुढे आहे, एवढेच तो सुचवतो. बोलावणारे कोण, हे वाचणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते, आणि तेही सही म्हणून. मधल्या लांबलचक वाक्यात बोलावणाऱ्याने स्वतःला मुद्दाम मागे ठेवले आहे. विवाह आम्ही करत आहोत असे तो म्हणत नाही. श्रीकृपेने, आमचे येथे, करण्याचे योजिले आहे, असे म्हणतो. कार्य ठरवणारा आणि पार पाडणारा वेगळा आहे, आपण निमित्त आहोत, ही भावना या कर्मणी प्रयोगात आहे. म्हणूनच "करणार आहोत" किंवा "आयोजित केला आहे" असे लिहिले की माहिती तीच राहते, पण नम्रता निघून जाते. रूढ पत्रिका हवी असेल तर हे क्रियापद बदलू नये, असा माझा आग्रह असतो.

"हिचा" आणि "यांच्याशी" या दोन सर्वनामांकडेही पाहावे. आपल्या मुलीचा उल्लेख एकवचनी आणि दुसऱ्या घरच्या मुलाचा आदरार्थी बहुवचनी, अशी ही रीत आहे. हल्ली अनेक घरांत दोघांसाठीही "यांचा" लिहावे असा विचार होतो आणि मला तो पूर्णपणे योग्य वाटतो. मात्र निर्णय झाल्यावर वाक्य शेवटपर्यंत तपासावे, कारण एका ठिकाणी "हिचा" बदलून दुसरीकडे "तिला" तसेच राहून जाते.

तिसरी पायरी: जे शब्द इंग्रजीत जात नाहीत

मराठी मजकूर पक्का झाल्यावर त्यातल्या प्रत्येक रूढ शब्दाला एकच प्रश्न विचारावा: हा शब्द पत्रिकेत कोणते काम करतो? अर्थ विचारू नये, काम विचारावे. ते काम इंग्रजी पत्रिकेत वेगळ्या रीतीने होत असेल तर ती रीत वापरावी, आणि ते काम इंग्रजीत होतच नसेल तर शब्द शांतपणे सोडून द्यावा.

"चि. सौ. कां." घेऊ. चिरंजीव म्हणजे दीर्घायुषी हो, हा वडीलधाऱ्याने लहानाला दिलेला आशीर्वाद आहे. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी, म्हणजेच अजून विवाह न झालेली पण आता विवाहाच्या उंबरठ्यावर असलेली मुलगी. या तीन संक्षेपांत वय, नाते, सामाजिक स्थिती आणि आशीर्वाद असे सगळे आले आहे. इंग्रजीतले मिस किंवा मिझ हे शब्द केवळ संबोधने आहेत, त्यांत आशीर्वाद नाही. म्हणून पुष्कळ जण हे संक्षेप रोमन लिपीत तसेच छापतात. एका घरच्या पत्रिकेवर असे झाले होते आणि परदेशी पाहुण्यांपैकी एकाने भेटवस्तूवर वधूचे नाव म्हणून "ची" एवढेच लिहून आणले. त्या पाहुण्याची काहीच चूक नव्हती, नावाच्या आधी जे छापले होते तेच त्याने नाव समजले. इंग्रजी पत्रिकेत वधूवरांची नावे उपाधीशिवाय, थोड्या मोठ्या अक्षरांत लिहावीत. तेथे तेवढे पुरेसे आदराचे असते.

याच शब्दातून मराठी पत्रिकेसाठीही एक नियम निघतो. चि. हा आशीर्वाद असल्यामुळे तो बोलावणारा मोठा असेल तरच शोभतो. वधूवर स्वतःच निमंत्रक असतील, "आम्ही विवाहबद्ध होत आहोत" अशा घाटाची पत्रिका असेल, तर स्वतःच्या नावामागे चि. किंवा चि. सौ. कां. लावता येत नाही, कारण कोणी स्वतःला आशीर्वाद देत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की मूळ शब्द कांक्षिणी असल्यामुळे संक्षेपातल्या "कां" वर अनुस्वार हवा. तो गळलेल्या पत्रिका फार दिसतात.

"सहकुटुंब सहपरिवार" हे शब्द पुनरुक्ती वाटतात, पण तशी ती नाही. जुन्या मराठीत कुटुंब हा शब्द पत्नीसाठी वापरला जात असे, म्हणून सहकुटुंब म्हणजे पत्नीसह आणि सहपरिवार म्हणजे घरातल्या बाकीच्या माणसांसह. आज हा भेद कोणाच्या मनात नसतो आणि हे शब्द अगत्य दाखवण्यासाठी येतात. मराठी वाचणारा त्यांतून आपल्यापुरता योग्य तो अर्थ घेतो. किती जणांनी जायचे हे त्याला नात्यावरून कळते, आणि पत्रिका देताना घरी येऊन तोंडी जे सांगितले असते त्यावरूनही कळते. इंग्रजी पत्रिका बहुधा टपालाने किंवा फोनवर जाते, सोबत तोंडी बोलावणे नसते, म्हणून तेथे शब्दांचा अर्थ शब्दशः घेतला जातो. "विथ फॅमिली अँड फ्रेंड्स" असे छापले, तर एखादा पाहुणा आपल्या मित्रांनाही घेऊन येईल आणि तो बरोबरच असेल. इंग्रजीत हे काम पत्रिकेच्या मजकुरात होत नाही, ते पाकिटावर होते. ज्यांना बोलवायचे त्यांची नावे पाकिटावर स्पष्ट लिहावीत आणि मजकुरातून ही ओळ वगळावी. फोनवर पाठवताना सोबतच्या संदेशात तीच नावे लिहावीत.

"आहेर आणू नये" हे वाक्य मला सर्वांत जास्त विचार करायला लावते. आहेर म्हणजे केवळ भेटवस्तू नव्हे. तो दोन घरांमधला, देण्याघेण्याचा, मानाचा व्यवहार आहे, आणि यजमानही पाहुण्यांना आहेर करतात. शिवाय मराठीतले "आणू नये" हे कोणालाही उद्देशून नाही, ती एक साधारण सूचना आहे, म्हणून ती वाचताना टोचत नाही. इंग्रजीत "डू नॉट ब्रिंग गिफ्ट्स" असे थेट केले की ती आज्ञा होते आणि समोरचा भेट आणणारच होता असे गृहीत धरल्यासारखे दिसते. इंग्रजी पत्रिकेच्या जुन्या शिष्टाचारात भेटीचा विषयच काढत नाहीत. तरी सांगणे गरजेचे असेल, तर आपले आशीर्वाद हीच भेट, अशा अर्थाची एक सौम्य ओळ तळाशी द्यावी.

"शुभाशीर्वाद द्यावेत" या विनंतीत बोलावलेला प्रत्येक जण वडीलधारा मानला आहे. तेही नम्रतेचेच रूप आहे, म्हणून वधूच्या समवयस्क मैत्रिणीला गेलेल्या पत्रिकेतही ते खटकत नाही. इंग्रजीत ब्लेसिंग्ज हा शब्द चालतो, पण एकदाच वापरावा. आरंभी देवतेचे आशीर्वाद, मध्ये पाहुण्यांचे आशीर्वाद आणि शेवटी भेटीऐवजी आशीर्वाद, असे तीनदा आले की तो शब्द निर्जीव होतो.

कैलासवासी व्यक्तीच्या उल्लेखात मात्र भाषेच्याही पलीकडचा पेच असतो. मराठीत कै. प्रभाकर कऱ्हाडे यांचे चिरंजीव असे लिहिले की तो वराचा परिचय होतो आणि वडिलांचे स्मरणही होते. इंग्रजी पत्रिकेत आईवडिलांची नावे निमंत्रक म्हणून वाक्याच्या आरंभी येतात, आणि दिवंगत माणूस निमंत्रण देऊ शकत नाही. म्हणून दिवंगत पालक निमंत्रकांपैकी असतील तर वाक्याची रचना बदलावी लागते: निमंत्रण हयात पालकाने द्यायचे आणि दिवंगत पालकाचा उल्लेख मुलाच्या किंवा मुलीच्या परिचयात करायचा. आपल्या नमुन्यात वराचे वडील परिचयाच्या ओळीतच आहेत, त्यामुळे "लेट" हा शब्द तेथे सहज बसतो. वराच्या आईच्या नावामागे आपण श्रीमती लिहिले आहे. जुन्या पत्रिकांत अशा ठिकाणी गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी असे लिहीत. अनेक स्त्रियांना ते नको असते, म्हणून त्या बाईंना स्वतःला विचारल्याशिवाय ते कधीही छापू नये. इंग्रजीत मिसेस पुरेसे आहे, सौ., श्रीमती आणि गं. भा. यांतला भेद तेथे उरत नाही आणि तो उरवण्याचा प्रयत्नही करू नये.

जुनी पत्रिका समोर ठेवून लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या काळच्या पत्रिकांत "शुभविवाह" ऐवजी "शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे" असे छापलेले आढळते. तेव्हा त्याचा अर्थ सोयरीक, विवाहसंबंध असा होता आणि कोणालाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. आज मराठीतही तो शब्द चालणार नाही, आणि त्याचे इंग्रजी करण्याचा तर विचारही करू नये.

मुलांच्या नावाने खाली छापलेली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" ही ओळही अशीच आहे. तिचा सगळा गोडवा त्या "हं" मध्ये आहे. ती मराठी बाजूलाच ठेवावी.

चौथी पायरी: मुहूर्त आणि येण्याची वेळ

इंग्रजी पत्रिकेवरची वेळ म्हणजे समारंभ सुरू होण्याची वेळ, असा तिकडचा संकेत आहे. मराठी पत्रिकेवरची वेळ म्हणजे मुहूर्ताची घटिका, म्हणजे मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना हार घालतात तो क्षण. मराठी पाहुण्याला हे माहीत असते, म्हणून तो अक्षता हातात घेऊन अर्धा तास आधीच बसलेला असतो. परदेशी पाहुणा ११ वाजून ३५ मिनिटे ही वेळ वाचतो, अगदी वेळेवर ११ वाजून ३५ मिनिटांनी दारात येतो आणि ज्यासाठी तो एवढ्या लांबून आला ते नेमके संपलेले असते. असे होताना मी पाहिले आहे आणि त्या पाहुण्याचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून इंग्रजी पत्रिकेत दोन वेळा द्याव्यात. आधी आसनस्थ होण्याची वेळ, मग मुहूर्त. मुहूर्ताला काय घडते हेही पाच-सहा शब्दांत सांगावे. मंगलाष्टका किती वेळ चालतील हे गुरुजींना विचारून आसनस्थ होण्याची वेळ ठरवावी. साधारणपणे मुहूर्ताआधी ३० ते ४० मिनिटे पुरतात. शक आणि मिती इंग्रजी पत्रिकेतून वगळावी. तेथे ती कोणतेही काम करत नाही, आणि पंचमीचा ५ हा आकडा वाचून दिनांक ५ असा गैरसमज होण्याची भीती असते. दिनांक लिहिताना महिना अक्षरांतच लिहावा, कारण अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, आणि केवळ आकडे असले तर ३ एप्रिल आणि ४ मार्च यांत घोटाळा होतो.

पाचवी पायरी: इंग्रजी मजकूर

आता माहितीच्या कागदावरून इंग्रजी पत्रिका लिहू. मराठीत जो निमंत्रक तळाशी होता तो येथे पहिल्या ओळीत येतो, कारण इंग्रजी वाक्याला कर्ता हवा असतो आणि हे निमंत्रण तृतीय पुरुषात लिहिण्याची रीत आहे. नमस्कार आणि सही ही पत्राची अंगे येथे नाहीत.

```
Shri Ganeshaya Namah

Mrs. Vasudha and Mr. Madhav Sabnis
request the pleasure of your company
at the wedding of their eldest daughter
Mrunmayee
with
Nikhil
youngest son of Mrs. Sunanda Karhade
and the late Mr. Prabhakar Karhade
on Wednesday, 14 February 2024

Please be seated by 11.00 a.m.
The couple exchange garlands at 11.35 a.m.
Lunch will follow.

(Name and address of the hall), Nashik

Your blessings are the only gift we wish for.
```

गणेशवंदनाची ओळ येथे मूळ संस्कृतातच, रोमन लिपीत ठेवली आहे. तिचे इंग्रजी केले तर ते वंदन राहत नाही, गणेशाविषयीचे विधान होते. कुलस्वामिनीची ओळ मात्र मी मराठी बाजूलाच ठेवली, कारण "प्रसन्न" या शब्दाला तेथे जोड नाही आणि ज्यांच्यासाठी ती ओळ आहे ते सगळे मराठी बाजू वाचणार आहेत. श्रीकृपेकरून या शब्दासाठी "बाय द ग्रेस ऑफ गॉड" असे घालावे का, असा प्रश्न नेहमी येतो. घालण्यास हरकत नाही, पण मग ते निमंत्रकांच्या नावांच्याही आधी, स्वतंत्र ओळीत घालावे. वाक्याच्या मध्ये ते अडखळते.

ज्येष्ठ आणि कनिष्ठ या शब्दांकडे लक्ष द्यावे. दोनच मुली असतील तर इंग्रजीत "एल्डर" हे रूप लागते, तीन किंवा जास्त असतील तर "एल्डेस्ट". वराच्या बाबतीतही "यंगर" आणि "यंगेस्ट" यांत हाच फरक आहे. मराठीतल्या एकाच शब्दामागे घरात किती भावंडे आहेत हे लपलेले असते, म्हणून ते विचारून घ्यावे. नमुन्यात दोन्हीकडे तीन भावंडे धरली आहेत.

दोन्ही मजकूर एकाच कार्डावर छापायचे असतील तर दोन बाजूंना किंवा दोन वेगळ्या पानांवर छापावेत. एक ओळ मराठी, तिच्याखाली तिचे इंग्रजी, अशी मांडणी करू नये. दोन्ही पत्रिकांतला क्रम उलट असल्यामुळे ती जुळतच नाही, आणि जुळवायला गेले की एका भाषेची मोडतोड करावी लागते.

सहावी पायरी: छपाईपूर्वी तपासणी

छापखान्यात मराठी मजकूर बहुतेक वेळा पुन्हा टंकलिखित होतो किंवा युनिकोडमधून दुसऱ्या अक्षरसंचात बदलून घेतला जातो, आणि चुका तेथेच शिरतात. कऱ्हाडे या आडनावातला अर्धा ऱ् हा मराठीचा खास आकार आहे. तो नसलेल्या अक्षरसंचात त्याचे रफार होते आणि आडनाव "कर्हाडे" असे छापून येते. मृण्मयी मधला "ण्म" तुटून ण्‌ आणि म वेगळे दिसतात. हिंदीसाठी घडवलेला अक्षरसंच असेल तर ल आणि श यांचे आकारही मराठी वळणाचे येत नाहीत. म्हणून फोनवर पाठवलेला मजकूर बरोबर होता यावर समाधान मानू नये. छापखान्याकडून कागदावरचे मुद्रित मागवावे आणि तेच वाचावे.

वाचताना "आशीर्वाद" हा शब्द प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावा. रफार श वर चढून "आर्शिवाद" होणे ही लग्नपत्रिकांतली सर्वांत पसरलेली चूक आहे. त्यानंतर "मुहूर्त" मधला दीर्घ हू, "ज्येष्ठ" आणि "कनिष्ठ" मधला ठ, आणि "शुभविवाह" हा जोडून लिहिलेला शब्द पाहावा. मग दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून केवळ माहिती ताडून पाहावी: वार, दिनांक, वेळ, नावे, पत्ता. हे काम दोघांनी करावे. एकाने मराठी पत्रिका मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने इंग्रजीवर बोट ठेवावे, कारण एकटा माणूस आपण लिहिलेलेच पुन्हा पुन्हा वाचतो. वार आणि दिनांक जुळतात का, हे आठवणीवर न सोडता दिनदर्शिका उघडून पाहावे.

शेवटचे मुद्रित वधूला आणि वराला स्वतंत्रपणे दाखवावे, आणि त्यांनी आपापले व आपल्या आईवडिलांचे नाव दोन्ही लिप्यांत वाचून मुद्रिताच्या कोपऱ्यात सही करावी. सही झालेला तो कागद छापखान्याला द्यावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.